आधी ऊब, मग दूध

वाचकाचं पत्र

ताई, शनिवारी सकाळी आमच्या बिल्डिंगच्या जिन्याखाली मीटरच्या पेटीमागे मांजराची तीन पिल्लं सापडली. डोळे मिटलेले, नाळ अजून पोटाला. वॉचमनकाका म्हणाले, आई रात्री रस्त्यावर गाडीखाली गेली. मी त्यांना बुटाच्या खोक्यात घालून वर आणलं. दर तासाला ड्रॉपरने गाईचं दूध पाजते, तरी रडणं थांबत नाही, म्हणून आणखी पाजते. दोन दिवस झाले, शी नाही. एक पिल्लू आज दुपारपासून निपचित आहे, दूध तोंडातून बाहेर येतंय. सासूबाई म्हणतात, माणसाचा हात लागलेली पिल्लं जगत नाहीत. मी नोकरी करते. माझं काय चुकतंय? आता काय करू?

— एक वाचक, सिंहगड रोड, पुणे

उत्तर

तुमचं पत्र आलं त्याच संध्याकाळी आपण फोनवर बोललो, कारण अशा वेळी सदर छापून येईपर्यंत थांबता येत नाही. फोनवर घाईघाईत जे सांगितलं ते इथे नीट सांगते. हिवाळ्यात अशी पत्रं दर आठवड्याला येतात, आणि त्यातल्या बहुतेकांत तुमच्यासारखंच एक वाक्य असतं: रडतंय म्हणून पाजलं.

मी तुम्हाला पहिल्यांदा विचारलं होतं की निपचित पिल्लाच्या तोंडात करंगळीचं टोक घालून बघा, आतून कसं लागतंय. तुम्ही म्हणालात, ‘गार आहे, ताई. फ्रीजमधल्या भाजीसारखं.’ तिथेच सगळं कळलं. पिल्लू भुकेनं नाही, थंडीनं गळून गेलं होतं. रडणारी बाकीची दोनही बहुधा थंडीनंच रडत होती.

मांजराचं पिल्लू जन्मतं तेव्हा त्याला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. आपल्याला थंडी वाजली की आपण कुडकुडतो आणि त्या कुडकुडण्यातून ऊब तयार होते. पहिल्या आठवड्यात पिल्लाला तेही जमत नाही. त्याची सगळी ऊब आईच्या पोटातून आणि भावंडांच्या ढिगातून येते. पहिल्या आठवड्यातल्या निरोगी पिल्लाच्या अंगाचं तापमान 35 ते 37 अंश सेल्सियस असतं, म्हणजे आपल्या थर्मामीटरवर 95 ते साडेअठ्ठ्याण्णव. मोठ्या मांजराचं याहून जास्त, साधारण 38 ते 39. आता तुमचं खोकं डोळ्यांसमोर आणा. जानेवारीतलं पुणं, बाहेर पहाटे 10-12 अंश, घरात गार फरशी, त्यावर पुठ्ठा, पुठ्ठ्यात एक टॉवेल. मोठ्या माणसाला तो टॉवेल मऊ वाटेल. पिल्लाला तो फक्त गार टॉवेल.

अंग 35 अंशांच्या खाली गेलं की पिल्लाचं आतडं हळूहळू काम थांबवतं. अशा वेळी पोटात गेलेलं दूध पुढे सरकत नाही, तिथेच साचतं, नासतं आणि पोट फुगतं. शिवाय गार पडलेल्या पिल्लाला नीट गिळताही येत नाही, म्हणून ड्रॉपरचं दूध श्वासनळीत जाण्याची भीती असते. तुम्हाला तोंडातून बाहेर आलेलं दिसलं ते त्यातलंच. म्हणून पहिला नियम असा की गार पिल्लाला एक थेंबही पाजायचं नाही. माझ्या हातून हा नियम वीस वर्षांपूर्वी मोडला गेला आहे. शनिवार पेठेतल्या वाड्यात राहत होते तेव्हा एक थंडगार पिल्लू हातात आलं आणि मी मायेनं त्याला आधी कोमट दूध पाजलं. ते रात्रभरसुद्धा राहिलं नाही. म्हणून हे इतकं लांबण लावून सांगते.

गरम करायचं, पण हळू

त्या संध्याकाळी आपण असं केलं. तुम्ही निपचित पिल्लू ब्लाऊजच्या आत छातीशी धरलंत, वरून शाल घेतलीत आणि गॅलरीचं दार लावून बसलात. माणसाच्या अंगाची ऊब हा सगळ्यांत सुरक्षित शेक, कारण ती कधीच भाजत नाही. मध्येमध्ये पिल्लाची कूस बदलायची आणि पंजे-कान हलकेच चोळायचे. ग्लुकोजच्या पावडरचं थोडं गोड पाणी करून त्याचं बोट फक्त हिरडीला लावायचं. तोंडात ओतायचं नाही, नुसतं लावायचं, म्हणजे अगदीच रिकाम्या अंगाला थोडी ताकद मिळते. दीड तासानं पिल्लानं मान हलवली, पावणेदोन तासांनी तुमच्या गळ्यापाशी तोंड खुपसून काहीतरी शोधायला लागलं. आतून तोंड ऊबदार, आणि दूध शोधतंय, या दोन खुणा जुळल्यावरच मी बाटली काढायला सांगितली.

घाई करायची नाही. ड्रायरचा झोत मारणं, गरम पाण्यात बुडवणं, चुलीजवळ किंवा हीटरसमोर धरणं, यातलं काही नको. झटक्यात गरम केलं की वरची कातडी तापते, रक्त तिकडे धावतं आणि आतलं अंग गारच राहतं. गार पिल्लाला पूर्ववत यायला तास-दोन तास लागतात, कधी तीनही. तेवढा वेळ द्यायचा. तेवढ्यातही हालचाल दिसली नाही तर पिल्लू अंगाशी तसंच धरून डॉक्टरांकडे निघायचं.

मग घर बांधायचं. बुटाचं खोकं लहान पडतं, कारण त्यात ‘गरम बाजू’ आणि ‘गार बाजू’ अशा दोन जागा होत नाहीत. भाजीवाल्याकडचं जरा मोठं पुठ्ठ्याचं खोकं घ्या आणि फरशीवर न ठेवता पाटावर किंवा जाड गोधडीच्या घडीवर ठेवा. खाली वर्तमानपत्र, वर जुनी सुती साडी किंवा फ्लॅनेलचा तुकडा. टॉवेलच्या फासात पिल्लांची नखं अडकतात, म्हणून टॉवेल टाळा. खोक्याच्या एका बाजूला शेकायची रबरी पिशवी ठेवा, तिच्यात हाताला सोसेल एवढंच गरम पाणी, आणि तिच्यावर कापडाच्या दोन घड्या. पिशवी नसेल तर गीझरच्या गरम पाण्यानं भरलेली प्लास्टिकची बाटली जाड मोज्यात घालून ठेवली तरी चालते. दोन-अडीच तासांत पाणी गार होतं, आणि गार झालेली बाटली उलट पिल्लांचीच ऊब ओढून घेते, म्हणून ते प्रत्येक पाजण्याच्या वेळी बदलायचं. दुसरी बाजू मोकळी सोडायची. नको इतकं गरम झालं की तिकडे सरकायला जागा हवी. पण अशक्त पिल्लाला सरकता येत नाही, त्यामुळे त्याला पिशवीवर नाही, पिशवीच्या शेजारी ठेवायचं.

पहिल्या आठवड्यात पिल्लं ज्या जागी झोपतात तिथे साधारण 29 ते 32 अंश हवेत, दुसऱ्या आठवड्यात 27 ते 29, आणि मग उतरत उतरत महिन्याला 24 च्या आसपास. अंश मोजायला यंत्र नसेल तर पिल्लांकडे बघा. तिघंही एकमेकांवर चढून, घट्ट गोळा होऊन, रडत असतील तर थंडी आहे. लांब लांब पसरून, तोंड उघडून, अंग लालसर झालेलं असेल तर उकडतंय. सैलसर ढीग, मध्येच एखादा पाय झटकणं आणि शांतता, म्हणजे बरोबर आहे. काही वाचक अजूनही खोक्यावर बल्ब टांगायला सांगतात. ती युक्ती पिवळ्या तारेच्या जुन्या बल्बची. आताचे एलईडी बल्ब उजेड देतात, शेक देत नाहीत. एका ताईंनी रात्रभर एलईडी लावून ठेवला आणि सकाळी पिल्लं गार.

थर्मामीटर वापरणार असाल तर घरचा डिजिटल चालतो. टोकाला व्हॅसलीन लावून शेपटीखाली अगदी जेमतेम आत. पण बहुतेक थर्मामीटर 32 अंशांखाली आकडाच दाखवत नाहीत, नुसतं Lo येतं. Lo दिसलं की यंत्र बिघडलं असं समजू नका. पिल्लू फार गार पडलं आहे.

आता दूध

गाईचं दूध तुम्ही प्रेमानं दिलंत, आपल्याकडे सगळे तेच देतात. पण मांजरीचं दूध फार दाट असतं. त्यात प्रथिनं गाईच्या दुधाच्या दुपटीच्या आसपास असतात आणि चरबीही जास्त. गाईच्या दुधात पाणी आणि दुधातली साखर जास्त, त्यामुळे पोट भरतं, वजन वाढत नाही आणि जुलाब लागतात. शंभर ग्रॅमच्या पिल्लाला एक दिवसाचे जुलाब पुरतात, इतकं पाणी अंगातून जातं. त्यात आणखी पाणी घालून ‘पातळ’ केलं तर आणखीच वाईट.

मांजराच्या पिल्लांसाठी वेगळी दूध पावडर मिळते. पाळीव प्राण्यांच्या दुकानात आणि जनावरांच्या डॉक्टरांकडे ‘किटन मिल्क रिप्लेसर’ म्हणून मागा. कुत्र्याच्या पिल्लांची वेगळी असते, ती नको. दुकानं रात्री बंद असतात आणि तुमच्यासारखं कुणी रात्री दहा वाजता अडकलेलं असतं. तेव्हा मेडिकलमधलं ओआरएस पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात करून, कोमट करून, थेंब थेंब सकाळपर्यंत द्यायचं. त्यानं पोट भरत नाही, पण पाणी टिकतं. एका रात्रीची सोय आहे ही, त्याहून जास्त नाही.

पावडर कालवताना डब्यावरचं प्रमाण पाळा. जास्त दाट केली तर पोट धरतं, पातळ केली तर पोषण कमी पडतं. चोवीस तासांची एकदम कालवून फ्रीजमध्ये ठेवता येते. लागेल तेवढंच काढून वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करायचं. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकला तर गरमही लागू नये, गारही. उरलेलं परत फ्रीजमध्ये जात नाही.

किती पाजायचं, हा तुमचा खरा प्रश्न होता. ‘रडणं थांबेपर्यंत’ हे माप नाही. माप म्हणजे वजन. तुमच्याकडे केकसाठीचा डिजिटल काटा निघाला, ग्रॅम दाखवणारा. त्यावर वाटी ठेवून शून्य केलंत आणि तिघांना एकेक करून मोजलंत. तपकिरी पट्ट्यांचं 112 ग्रॅम, पांढरं 98, आणि निपचित होतं ते काळं 84.

हिशेब असा की शंभर ग्रॅम वजनाला दिवसाकाठी साधारण 20 मिली दूध, आणि एका वेळी शंभर ग्रॅमला 4 मिलीपेक्षा जास्त नाही, कारण पोटच तेवढं असतं. पांढऱ्याचे 98 ग्रॅम, म्हणून दिवसाला जवळजवळ 20 मिली. दर तीन तासांनी पाजायचं म्हटलं तर आठ वेळा, प्रत्येक वेळी अडीच मिली. पट्ट्यांचं जरा मोठं, दिवसाचे 22 मिली, म्हणजे प्रत्येक वेळी पावणेतीन. काळं अशक्त. त्याचे दिवसाला 17 मिली होतात, पण त्याला थोडं थोडं जास्त वेळा हवं, म्हणून पहिले दोन दिवस दर दोन तासांनी, बारा वेळा, साधारण दीड मिली. तुम्ही दर तासाला भरलेला ड्रॉपर देत होतात. आधीचं पचायच्या आत पुढचं येत होतं, आणि तेही गार पोटात.

दुसऱ्या आठवड्यात मधला वेळ तीन-चार तासांवर जातो, तिसऱ्यात चार-पाच तासांवर. वजन रोज एकाच वेळी, पाजण्याच्या आधी, वहीत लिहायचं. रोज 10 ते 15 ग्रॅम वाढलं तर सगळं ठीक. एक दिवस वाढलं नाही तर ऊब, दुधाचं प्रमाण आणि वेळा तपासायच्या. घटलं तर त्याच दिवशी डॉक्टर. पिल्लू खेळकर दिसलं तरी. आकडा डोळ्यांच्या आधी सांगतो.

पाजताना पिल्लू पालथं हवं. आईच्या पोटाशी ते असंच असतं, पोट खाली, पाय खाली, मान जरा वर. माणसाच्या बाळासारखं उताणं धरून पाजणं ही सगळ्यांत मोठी चूक, आणि मोबाईलवरच्या गोड व्हिडिओंतही ती सर्रास दिसते. उताण्या पिल्लाच्या घशातलं दूध सरळ श्वासनळीकडे जातं. मांडीवर फडकं घाला, त्यावर पिल्लू पालथं ठेवा, पुढचे पंजे फडक्याला टेकू द्या, त्यांना दाबायला काहीतरी लागतं. बाटलीचं बूच तोंडाच्या कोपऱ्यातून हलकेच सरकवा.

दुकानातल्या छोट्या बाटलीच्या बुचाला बहुतेक वेळा भोक नसतं, हे कुणी सांगत नाही. तापवलेल्या सुईनं बारीक भोक पाडायचं. बाटली उलटी धरली की थेंब थेंब, थांबत थांबत पडलं पाहिजे. धार लागली तर बूच टाकून द्या. एवढ्या लहान पिल्लाला बाटली जड जात असेल तर सुई काढलेली एक मिलीची सिरिंज चालते, पण दट्ट्या आपण दाबून पाजायचं नाही. पिल्लू चोखेल तेवढंच थेंबाथेंबानं सोडायचं. चोखायला लागलं की त्याचे कान लयीत हलतात, पापणी फडफडावी तसे. ते बघितलं की समजायचं, दूध बरोबर जातंय.

नाकातून दूध आलं तर लगेच थांबा, तोंड खाली करा, नाक पुसा, आणि त्या वेळचं पाजणं सोडून द्या. पुढच्या दिवसात श्वासाला घुरघुर, तोंड उघडून श्वास, किंवा एकदम सुस्ती दिसली तर छातीत दूध गेलेलं असू शकतं. तिथे घरी थांबायचं नाही. काळ्याच्या बाबतीत मी तुम्हाला म्हणूनच दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांकडे पाठवलं. पाजून झालं की खांद्याशी धरून पाठीवर दोन बोटांनी थोपटा. ढेकर नाही आली तरी चालेल, पण मिनिटभर थोपटणं सोडू नका.

शी झाली नाही, कारण ती आपोआप होत नाही

सासूबाईंनी एरंडेल सुचवलं आणि तुम्ही दिलं नाहीत, फार बरं केलंत. पिल्लांना बद्धकोष्ठ नव्हतं. पहिले तीन आठवडे पिल्लाला शू आणि शी स्वतःहून करताच येत नाही. आई प्रत्येक वेळी पाजताना शेपटीखाली चाटते, त्या चाटण्यानं ते सुटतं. आई नसेल तर ते काम आपलं. त्याशिवाय मूत्राशय भरून तट्ट होतं आणि पिल्लू त्या दुखण्यानंही रडतं. तुम्ही ज्याला भूक समजलात, त्यात हेही होतं.

कापसाचा बोळा किंवा मऊ सुती कापड कोमट पाण्यात भिजवून घट्ट पिळा. पिल्लू तळहातावर पालथं धरा, शेपूट अंगठ्यानं जरा वर करा आणि तिथे बोळ्यानं छोटे छोटे, हलके हात फिरवा. आईची जीभ जशी भराभर आणि हलकी, तसं. घासायचं नाही, पुसल्यासारखंही नाही. दहा-वीस सेकंदांत शू येऊ लागते. ती पूर्ण थांबेपर्यंत हात तसाच चालू ठेवा, मध्ये सोडलं तर अर्धी राहते. मग थोडं मागच्या बाजूला, शीसाठी. मिनिटभरात काही आलं नाही तर सोडून द्या, पुढच्या वेळी बघू. नंतर कोरड्या कापडानं टिपा, ओलं राहिलं की तिथे लाल होतं आणि पिल्लू परत गार पडतं.

हे पाजण्याच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा करायचं. निदान एकदा तरी, चुकवायचं नाही. शू दर वेळी व्हायला हवी. तुम्ही पहिल्यांदा केलंत तेव्हा पांढऱ्याला गडद पिवळी आणि भरपूर झाली, तुमचा सगळा बोळा भिजला. गडद म्हणजे पाणी कमी पडलं होतं. तिसऱ्या दिवशी ती जवळजवळ पाण्यासारखी फिकट झाली, तशीच हवी.

शी दर वेळी होत नाही. दिवसातून एकदा-दोनदा, आणि दूध बदललं की सुरुवातीला दीड-दोन दिवस काहीच नाही, हेही चालतं, पोट मऊ असेल आणि पिल्लू पीत असेल तर. चांगली शी मोहरीच्या पिवळ्या रंगाची, टूथपेस्टसारखी मऊ. पातळ, पिवळी, फेसाळ झाली तर बहुधा जास्त पाजलं जातंय, माप कमी करा. हिरवट, पांढरट दह्यासारखी, किंवा पाण्यासारखी झाली तर डॉक्टर. तसंच पोट ढोलासारखं कडक आणि दोन दिवस शी नाही, तरी डॉक्टर. घरचं कुठलंही रेचक नाही, साबणाची कांडी नाही.

एक नजर भावंडांवरही ठेवा. आई नसलेली पिल्लं चोखायला काहीतरी शोधतात आणि कधी एकमेकांच्या शेपटीखाली चोखतात. तिथे सूज आणि जखम होते, मग शू अडते. तसं दिसलं तर दोघांमध्ये कापडाची उंच घडी घाला किंवा थोडे दिवस वेगळ्या खोक्यात ठेवा, प्रत्येकाला वेगळी गरम बाटली देऊन.

हात लागला म्हणून नाही

सासूबाईंची भीती मी खोटी म्हणणार नाही. त्यांनी अशी पिल्लं मेलेली पाहिली असणार. पण ती हात लागल्यानं मेली नाहीत, आईपासून उचलल्यावर ऊब गेल्यानं मेली. माणसाचा वास लागला म्हणून मांजर सहसा पिल्लं टाकत नाही. आपण मात्र आई नाही असं फार लवकर ठरवतो.

तुमच्या बाबतीत मी वॉचमनकाकांना परत विचारायला सांगितलं: गाडीखाली गेलेली मांजरी कोणती? अंगावर दूध उतरलेलं दिसलं का? ते म्हणाले, तीच, जिन्याखाली येणारी तिरंगी. तेव्हा पिल्लं खरोखर पोरकी होती. पण इतर वाचकांसाठी सांगते. पिल्लं गोल, गरम आणि झोपलेली असतील तर आई बहुतेक जवळपास आहे, तिला खायला शोधायला जावंच लागतं, किंवा ती एकेक करून जागा बदलते आहे. तिथून लांब व्हा. पिल्लांपासून दोन-तीन फुटांवर रांगोळीची पातळ कड काढा आणि काही तासांनी येऊन बघा. पावलं उमटली असतील तर उत्तर मिळालं. पिठाची कड काढू नका, मुंग्या लागतात. पिल्लं गार, मळलेली, सतत रडणारी असतील, पाऊस आहे किंवा कुत्री फिरताहेत, तर मात्र वाट बघू नका.

नोकरीचं काय, हा प्रश्न तुम्ही शेवटी एका ओळीत विचारलात, पण मला तोच सगळ्यांत कठीण वाटतो. तीन तासांचं पाजणं ऑफिस सांभाळून एका माणसाला होत नाही. पहिला पर्याय म्हणजे दूध देणारी दुसरी मांजरी. हा सगळ्यांत चांगला. सोसायटीत, शेजारच्या गल्लीत, मासळी बाजाराजवळ मांजरांना रोज खाऊ घालणारी माणसं असतात, त्यांना विचारा की कुणाकडे नुकती व्यालेली मांजरी आहे का. तिच्या पिल्लांच्या अंगाला पुसलेलं फडकं पोरक्या पिल्लांना चोळून, ती झोपलेली असताना ढिगात सरकवली तर पुष्कळ मांजरी घेतात. पहिला तासभर तिथे बसून लक्ष ठेवायचं. ती फिस्कारली तर काढून घ्यायचं. त्या मांजरीला काही आजार नाही ना, हे आधी बघायचं.

दुसरा पर्याय संस्थेचा. पुण्यात रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्टसारख्या संस्था रस्त्यावरच्या जखमी प्राण्यांसाठी काम करतात, तिथे जरूर विचारा. पण डोळे मिटलेलं पिल्लू पुष्कळ जनावरांच्या गर्दीत ठेवलं की संसर्गाची भीती मोठी, लस घ्यायचं वय अजून सहा-आठ आठवडे लांब. आणि रात्री तीन वाजता प्रत्येक पिल्लासाठी उठणारं माणूस कुठल्याही संस्थेकडे पुरेसं नसतं. ज्यांनी अशी पिल्लं वाढवली आहेत असं एखादं घर संस्थेकडून मिळालं तर ते उत्तम.

तुम्ही तिसरा निवडलात, घर वाटून घ्यायचं. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा सासूबाई, रात्री बारा आणि तीनचं तुमचे यजमान, रात्री नऊचं आणि पहाटे सहाचं तुम्ही. सासूबाईंना काम सोपवलंत हे मला फार आवडलं. ज्यांना भीती वाटत होती त्यांनीच दुसऱ्या दिवशी फोन घेऊन मला सांगितलं की काळ्यानं कान हलवले.

आज आठवा दिवस. वहीतले आकडे तुम्ही पाठवलेत ते असे: पट्ट्यांचं 112 वरून 176, पांढरं 98 वरून 158. काळं पहिल्या दोन दिवसांत 84 वरून 81 वर उतरलं, डॉक्टरांनी छाती तपासून औषध दिलं, चौथ्या दिवशी ते 86 झालं आणि काल 117. नाळ तिघांच्याही सुकून गळल्या आहेत, तिथे लाली किंवा पू नाही. मानेत पिसवा दिसल्या म्हणालात. पिसवांची पावडर, स्प्रे, थेंब, काहीही या वयात नको, विष आहे ते. लिखा काढायची बारीक फणी घ्या आणि साबणाच्या पाण्याच्या वाटीत झटकत रोज काढा. हिरड्या पांढुरक्या पडल्या तर पिसवांनी रक्त ओढलंय असं समजून डॉक्टरांना दाखवा.

पट्ट्यांचा एक डोळा किलकिला झालाय, त्याला हात लावू नका. एकेक डोळा वेगवेगळ्या दिवशी उघडतो, दोन आठवड्यांपर्यंत लागतो. पापणी फुगली किंवा पिवळा चीक आला तरच कोमट ओल्या कापसानं पुसून डॉक्टरकडे. बोळ्याचं काम अजून दोन आठवडे. तिसऱ्या आठवड्यानंतर पिल्लं कोपऱ्यात जाऊन स्वतःच बसू लागली की पसरट ट्रेमध्ये फाडलेलं वर्तमानपत्र घाला आणि पाजून झालं की त्यात ठेवा. गोळा होणारी विकतची माती तोपर्यंत नको, ती ते खातात. आणि या आठवड्यात रात्रीचा पारा आणखी उतरेल असं दिसतंय, तेव्हा तीनच्या पाजण्याला बाटलीतलं पाणी बदलायला यजमानांना आठवण करा.